नव्या क्रशच्या मनात काय आहे? टॅरोच्या तीन कार्डांचे वाचन नवशिक्यांसाठी

टॅरोची तीन कार्डे ओळीने मांडून ती भूतकाळ, वर्तमानकाळ आणि भविष्यकाळ अशा क्रमाने वाचणे हा नवशिक्यांना अगदी सुरुवातीला शिकवला जाणारा प्रकार आहे. त्याच्यापुढे ठेवला जाणारा प्रश्न मात्र बरेचदा काळाचा नसतो. नुकतीच कोणीतरी व्यक्ती आवडू लागलेली असते आणि 'तिच्या मनात माझ्याबद्दल खरोखर काय आहे?' एवढेच विचारायचे असते. येथेच पहिली अडचण उभी राहते. ही मांडणी घटना कशा सरकत गेल्या ते सांगण्यासाठी तयार झालेली आहे आणि प्रश्न दुसऱ्याच्या मनात या क्षणी काय आहे याचा आहे. हे दोन्ही परस्परांना बसवून घेतल्याशिवाय कार्डे मांडली, तर कितीही सुंदर चित्रे समोर आली तरी त्यांचा अर्थ हव्या त्या बाजूला वाकवता येतो, आणि क्रशच्या बाबतीत तो कोणत्या बाजूला वाकेल हे वेगळे सांगायला नको.

प्रथम हातातल्या कॅटविषयी थोडेसे. टॅरोचे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळण्यासाठी निघाले. त्यांच्यावरून भाकीत सांगण्याची पद्धत फ्रान्समध्ये अठराव्या शतकात रूढ झाली. आज नवशिक्याच्या हातात बहुधा जो कॅट असतो, किंवा ज्याच्यावरून त्याच्या कॅटची चित्रे बेतलेली असतात, तो १९०९ साली लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशनाने काढला. त्याची आखणी आर्थर एडवर्ड वेट यांची आणि चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांची होती. एकूण ७८ कार्डांपैकी २२ मेजर आर्कानाची, म्हणजे द लव्हर्स किंवा डेथ यांसारखी स्वतःची नावे असलेली, आणि ५६ मायनर आर्कानाची असतात. मायनरमध्ये कप्स म्हणजे पेले, वाँड्स म्हणजे काठ्या, स्वोर्ड्स म्हणजे तलवारी आणि पेंटॅकल्स म्हणजे नाणी असे चार गट किंवा सूट असून प्रत्येकात १४ कार्डे असतात. ढोबळ मानाने कप्स भावनांशी, वाँड्स उत्साह आणि ओढीशी, स्वोर्ड्स विचार आणि बोलण्याशी, तर पेंटॅकल्स काम, पैसा आणि रोजच्या व्यवहाराशी जोडले जातात. स्मिथ यांचे वैशिष्ट्य असे की त्यांनी अंकांच्या कार्डांवरही नुसते सात पेले किंवा तीन नाणी न काढता माणसांचे पूर्ण प्रसंग रंगवले. पुढे सांगितलेली वाचनाची रीत या प्रसंगांवरच उभी आहे, त्यामुळे ज्या जुन्या धाटणीच्या कॅटमध्ये अंकांच्या कार्डांवर माणसे नसतात, त्यावर ती नवशिक्याला वापरता येणार नाही.

आता तीन जागांकडे येऊ. क्रश नवा असताना 'भूतकाळ' ही जागा फसवी ठरते, कारण दोघांमध्ये सांगण्यासारखा भूतकाळ जवळपास नसतोच. मग नवशिक्या ती जागा त्या व्यक्तीच्या आधीच्या प्रेमप्रकरणांनी भरतो. कार्डावर दुःखी माणूस दिसला की 'त्याचा ब्रेकअप झालेला असणार' असे ठरवून टाकतो आणि ज्याची आपल्याला काहीच माहिती नाही, त्या गोष्टीवर पुढचे सगळे वाचन उभारतो. या प्रश्नापुरता पहिल्या जागेचा अर्थ मर्यादित ठेवावा: आमची ओळख कशाच्या आधारावर उभी राहिली, आणि त्या आधारातून समोरच्याने माझ्याकडे पहिल्यांदा कोणत्या नजरेने पाहिले असावे. दुसऱ्या जागेचा अर्थ, सध्या त्याच्या वागण्यात जे दिसते आहे त्याचे स्वरूप कसे आहे, असा घ्यावा. तिसऱ्या जागेला 'भविष्य' म्हटले, तरी तिचा उपयोग विधिलिखित सांगण्यासाठी करू नये. दोघेही आता जसे वागत आहेत तसेच वागत राहिले, कोणीही नवे पाऊल उचलले नाही, तर पुढच्या महिनाभरात हे कोणत्या बाजूला जाईल, एवढेच तिने सांगावे. मुदत ठरवणे आवश्यक आहे. मुदतच नसेल तर कोणतेही भाकीत कधीच चुकत नाही.

एक गोष्ट कार्डे उघडण्यापूर्वीच पक्की करावी लागते आणि नेमकी तीच बहुतेक जण विसरतात. ती म्हणजे, कोणते कार्ड कोणाविषयी बोलते आहे? पेला पुढे करणारा तरुण समोर आला की तो 'तो' वाटतो, आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेली स्त्री समोर आली की ती 'मी' वाटते. अशा प्रकारे प्रत्येक कार्डाचा कर्ता आपल्या सोयीने बदलत गेला, तर त्या वाचनातून केवळ वाचणाऱ्याची इच्छा बाहेर येते. म्हणून कागदावर आधीच लिहावे की पहिले कार्ड दोघांच्या ओळखीविषयी, दुसरे समोरच्याच्या दिसणाऱ्या वागण्याविषयी आणि तिसरे दोघांमधल्या पुढच्या वाटचालीविषयी आहे. नंतर चित्र कसेही निघाले, तरी हा करार मोडायचा नाही.

प्रश्नाची वाक्यरचनाही त्याच कागदावर करावी. 'त्याला मी आवडते का?' या प्रश्नाला हो किंवा नाही एवढेच उत्तर शक्य आहे, आणि तीन चित्रांमध्ये हो-नाही शोधू लागलो की त्यांतील सगळा तपशील वाया जातो. 'त्याला खरोखर काय वाटते?' हा प्रश्न तपशील मागतो खरा, परंतु त्याचे उत्तर खरे की खोटे हे पडताळण्याची सोय आपल्याकडे नाही, कारण मन दिसत नाही. 'त्याच्या आतापर्यंतच्या वागण्यावरून माझ्याविषयीच्या त्याच्या भावनेचा कोणता अंदाज बांधता येतो, आणि तो अंदाज खरा असेल तर पुढच्या महिन्यात मला काय दिसले पाहिजे?' हे वाक्य लांबलचक आहे, पण त्यात मन, काळ आणि पडताळणी या तिन्ही गोष्टी येतात. त्याखाली त्या व्यक्तीविषयी जे ठाऊक आहे ते थोडक्यात उतरवावे. मात्र त्याने प्रत्यक्ष केलेल्या गोष्टी एका बाजूला आणि त्यांचा आपण लावलेला अर्थ दुसऱ्या बाजूला लिहावा. 'रविवारी स्वतःहून फोन केला' ही कृती झाली, आणि 'बोलताना आवाजात ओढ होती' हा आपण लावलेला अर्थ झाला. हे दोन रकाने पुढे फार उपयोगी पडतात.

कार्डे पिसण्याविषयी लोक उगाच गूढ बोलतात. टॅरोची कार्डे नेहमीच्या पत्त्यांपेक्षा मोठी, साधारण सात सेंटिमीटर रुंद आणि बारा सेंटिमीटर उंच असल्यामुळे हातात धरून पिसणे नव्या माणसाला अवघड जाते. ती पालथी करून चादरीवर पसरावीत, दोन्ही हातांनी चांगली ढवळावीत आणि पुन्हा एकत्र करावीत. असे ढवळताना काही कार्डांची डोकी खाली होतातच. उलट्या कार्डांचे वेगळे अर्थ सांगितले जातात, परंतु पहिले काही महिने ते बाजूला ठेवावेत आणि उलटे निघालेले कार्ड सरळ करून वाचावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ७८ चित्रांची ओळख होण्याआधी १५६ अर्थ पाठ करू लागले की माणूस चित्राकडे पाहणे सोडून पुस्तिकेकडे पाहू लागतो. त्यातच उलटे कार्ड म्हणजे 'नाही' असा सोपा पण चुकीचा समज क्रशच्या प्रश्नात लगेच रुजतो. पिसून झाल्यावर वरची तीन कार्डे डावीकडून उजवीकडे पालथी मांडावीत आणि तिन्ही एकदमच उघडावीत. एकेक करून उघडली तर पहिल्या कार्डाने जी आशा किंवा भीती निर्माण केली, तिच्याच रंगात उरलेली दोन दिसतात.

उघडल्याबरोबर पुस्तिका घेऊ नये. आधी चित्रातली माणसे कुठे पाहत आहेत ते पाहावे, कारण दुसऱ्याच्या भावनेविषयीच्या प्रश्नात नजर हा चित्रातला सर्वांत बोलका भाग असतो. टू ऑफ कप्समध्ये एक तरुण आणि एक तरुणी हातात पेले घेऊन समोरासमोर उभे आहेत आणि एकमेकांकडे पाहत आहेत. द लव्हर्स हे नावाने प्रेमाचे कार्ड, आणि ते निघाल्यावर नवशिका हर्षाने उडी मारतो. पण चित्र नीट पाहिले तर त्यातला पुरुष स्त्रीकडे पाहतो आहे आणि स्त्री वर देवदूताकडे पाहते आहे. हे कार्ड परस्परप्रेमाइतकेच निवडीचे आणि कोणत्या मूल्यांवर नाते उभे करायचे याचे मानले जाते, ते यामुळेच समजते. फोर ऑफ कप्समध्ये ढगातून एक हात चौथा पेला पुढे करतो आहे आणि झाडाखाली हाताची घडी घालून बसलेला तरुण त्याच्याकडे बघतही नाही. ही तिन्ही कार्डे प्रेमाच्या प्रश्नात 'बरी' समजली जाणाऱ्या चिन्हांनी भरलेली आहेत, तरी केवळ नजरेमुळे त्यांचे म्हणणे एकमेकांपासून किती दूर जाते ते पाहण्यासारखे आहे.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. असे समजू की पुण्यातल्या एका कंपनीत काम करणाऱ्या तरुणीला त्याच प्रकल्पावरचा एक सहकारी आवडू लागला आहे. ओळख दोन महिन्यांची आहे. तिने कृतींच्या रकान्यात लिहिले: तिच्या सादरीकरणाचे त्याने सर्वांसमोर कौतुक केले; रात्री तो स्वतःहून मेसेज करतो आणि गप्पा तासभर चालतात; एकत्र जेवायला जाऊ असे तो दोनदा म्हणाला, पण दिवस ठरला नाही. अर्थांच्या रकान्यात लिहिले: तो इतरांशी असे बोलत नसावा, त्याला विचारायचे आहे पण तो लाजतो, कार्यालयात कोणाला कळू नये म्हणून तो जपून वागतो. त्यानंतर तिने कार्डे उघडली. भूतकाळाच्या जागी थ्री ऑफ पेंटॅकल्स, वर्तमानाच्या जागी सेव्हन ऑफ कप्स आणि भविष्याच्या जागी नाइट ऑफ पेंटॅकल्स निघाले.

थ्री ऑफ पेंटॅकल्समध्ये चर्चच्या कमानीखाली एक कारागीर बाकावर उभा राहून काम करतो आहे, आणि त्याच्यासमोर दोघे जण, त्यांतला एक साधूच्या वेषातला, इमारतीचा आराखडा घेऊन बोलत आहेत. चित्रात तीन माणसे आहेत म्हटल्यावर क्रशच्या प्रश्नात 'म्हणजे तिसरी व्यक्ती आहे' असा अर्थ लगेच सुचतो, आणि तो सोडून द्यायचा असतो. या तिघांचे लक्ष एकमेकांच्या प्रेमात गुंतलेले नसून कामात गुंतलेले आहे. पहिल्या जागेचा आपण ठरवलेला अर्थ ओळखीचा पाया असा होता. तेव्हा वाचन असे: ही ओळख एकत्र केलेल्या कामातून झाली आणि त्याने तिला सर्वप्रथम कसबी सहकारी म्हणून पाहिले. तिच्या कृतींच्या रकान्यातली पहिली नोंद याला धरूनच आहे. येथे वाचन थांबवावे. त्या कौतुकात त्याच वेळी प्रेमही होते की नव्हते, याविषयी हे कार्ड काही सांगत नाही, आणि आपण त्याच्या तोंडी ते घालू नये.

सेव्हन ऑफ कप्स या मांडणीतले सर्वांत अवघड कार्ड आहे. पाठमोरी, काळ्या छायेसारखी एक आकृती उभी आहे आणि तिच्यासमोर ढगांवर सात पेले तरंगत आहेत. कशात किल्ला, कशात दागिने, कशात विजयाची माळ, कशात साप, कशात ड्रॅगन, एकात माणसाचे डोके आणि एकात वस्त्राने झाकलेली तेजस्वी आकृती. शक्यता पुष्कळ आहेत आणि हातात काहीच नाही. आपल्या करारानुसार दुसरे कार्ड त्याच्या दिसणाऱ्या वागण्याविषयी आहे. रात्रीच्या लांब गप्पा आहेत, जेवणाचा विषय निघतो, दिवस ठरत नाही. म्हणून पहिले वाचन असे होते की त्याला हे शक्यतेच्या पातळीवर आवडते आहे, त्यात रमायलाही आवडते आहे, परंतु सातांपैकी एकाही पेल्याला त्याने हात घातलेला नाही. त्याच्या भावनेचे याहून नेमके नाव या कार्डावरून घेता येत नाही. 'त्याच्या मनात आकर्षण आहे पण तो गोंधळलेला आहे' असे वाक्य अनेक वाचक येथे देतात. ते ऐकायला सुखद आहे. मात्र त्यातला 'गोंधळलेला' हा शब्द चित्रातून आलेला नसून ऐकणारीची आशा टिकवण्यासाठी आलेला असतो.

याच कार्डाचे दुसरे वाचनही प्रामाणिकपणे लिहावे लागते. ढगांतली चित्रे पाहणारी ती पाठमोरी आकृती प्रश्न विचारणारीच असेल तर? करार मोडायचा नाही असे वर म्हटले आहे, आणि तो मोडूही नये. पण सेव्हन ऑफ कप्स, द मून किंवा डोळ्यांवर पट्टी असलेले टू ऑफ स्वोर्ड्स यांसारखी कार्डे पाहण्याच्याच क्रियेविषयी असल्यामुळे ती निघाली की आपले दोन रकाने पुन्हा वाचावेत. वरच्या उदाहरणात तीन कृती आहेत आणि तीन अर्थ आहेत. तिन्ही अर्थ एकाच दिशेने जातात आणि तिन्ही कृतींपैकी कोणतीही त्यांना नक्की ठरवत नाही. तो लाजतो असे सुचवणारी एकही कृती कागदावर नाही. मग 'पेले ढगांत आहेत' हे विधान त्याच्याइतकेच तिच्याविषयीही खरे आहे, असे लिहून पुढे जावे. वाचनाचा हा भाग कोणालाच आवडत नाही, पण पुष्कळदा कामाचा भाग हाच असतो.

तिसऱ्या जागी नाइट ऑफ पेंटॅकल्स आहे. टॅरोमध्ये घोड्यावर बसलेले चार नाइट आहेत आणि त्यांपैकी फक्त याचाच घोडा चारही पाय जमिनीवर टेकून स्थिर उभा आहे. मागे नांगरलेले शेत आहे आणि स्वाराच्या हातात नाणे आहे. पुस्तिकेत याचे वर्णन विश्वासू, कष्टाळू, संथ असे सापडेल, आणि क्रशच्या प्रश्नात त्यावरून 'पुढे तो गंभीर नात्याचा प्रस्ताव देईल' अशी उडी मारली जाते. चित्रात प्रस्ताव नाही. घोडा उभा आहे. तिसऱ्या जागेचा अर्थ, सर्व काही असेच चालू राहिले तर, असा आपण धरला होता. म्हणून वाचन असे की महिन्याभरात मोठा बदल घडणार नाही. सवयीने आणि नियमाने चाललेला संपर्क तसाच नियमाने चालू राहील. या स्थिरतेचे दोन प्रकार संभवतात. नांगरलेल्या शेताप्रमाणे हळूहळू मेहनत चाललेली असेल, तर त्याने म्हटलेली एखादी लहान गोष्ट तो आठवण न करून देताही पूर्ण करील, जसे की जेवणाचा दिवस स्वतः ठरवील. घोडा नुसताच उभा असेल, तर मेसेज येत राहतील आणि दिवस पुन्हा ठरणार नाही. कार्ड या दोहोंतले एक निवडून देत नाही, परंतु कोणत्या खुणेवर लक्ष ठेवायचे ते ठरवायला मदत करते.

आता तिन्ही मिळून एक वाक्य करायचे असते. कार्डांचे तीन स्वतंत्र परिच्छेद लिहून थांबले तर ते मांडणीचे वाचन होत नाही. दोन्ही बाजूंना पेंटॅकल्स आहेत आणि मध्ये एक कप आहे, म्हणजे भावनेचा भाग कामाच्या आणि सवयीच्या दोन भक्कम गोष्टींच्या मधोमध, सर्वांत कमी घट्ट अवस्थेत आहे. यावरून वाक्य असे होईल: कामातल्या आदरातून सुरू झालेली ही ओळख सध्या न ठरवलेल्या शक्यतांमध्ये तरंगते आहे, आणि कोणी काही ठरवले नाही तर ती मोडणार नाही पण पुढेही जाणार नाही. 'त्याला खरोखर काय वाटते' याचे या मांडणीतून निघणारे कमाल उत्तर म्हणजे आदर नक्की, रुची बहुधा, निर्णय अजून नाही. यापेक्षा जास्त काही कोणी सांगत असेल, तर ते चित्रांच्या बाहेरून आलेले आहे.

जागांचे महत्त्व किती असते ते पाहायचे असेल तर हीच कार्डे क्रम बदलून वाचावीत. नाइट ऑफ पेंटॅकल्स वर्तमानात आणि सेव्हन ऑफ कप्स भविष्यात ठेवले, तर अर्थ जवळजवळ उलटा होतो. आता तो सावकाश पण नियमित वागतो आहे, आणि दोघे स्पष्ट बोलले नाहीत तर पुढे तर्कवितर्क वाढत जातील. पहिल्या क्रमात लक्ष ठेवण्याची खूण त्याची कृती होती. दुसऱ्या क्रमात कृती आधीच घडते आहे आणि उणीव बोलण्याची आहे. तीच चित्रे असूनही सल्ला वेगळा निघतो, म्हणून कार्डांचे सुटे अर्थ पाठ असणे आणि मांडणी वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वरच्या उदाहरणात कप्सचे एक तरी कार्ड होते. अनेकदा तेही निघत नाही, आणि मग 'एकही कप नाही, म्हणजे त्याच्या मनात भावनाच नाही' असा निष्कर्ष काढून माणसे खट्टू होतात. येथे थोडे गणित मदत करते. ७८ कार्डांतून तीन कार्डे क्रमाने काढण्याच्या एकूण ४,५६,४५६ रीती आहेत. कप्सची कार्डे १४ असल्यामुळे यांतल्या २,४९,९८४ रीतींमध्ये एकही कप येत नाही. म्हणजे शंभरातल्या सुमारे ५५ मांडण्या कप्सशिवायच असणार, प्रश्न प्रेमाचा असो वा नोकरीचा. तसेच मेजर आर्कानाचे निदान एक कार्ड शंभरातल्या सुमारे ६४ मांडण्यांत येते, त्यामुळे एक मेजर दिसले म्हणून हे नाते नशिबात लिहिलेले आहे असे मानायला आधार नाही. डेथ, टॉवर किंवा डेव्हिल निघाल्यावर घाबरण्याचेही कारण नाही. ही तिन्ही मेजर कार्डे असून क्रशच्या प्रश्नात त्यांचे काम बहुतेक वेळा लहान असते: एखादी समजूत संपणे, अचानक काहीतरी उघड होणे, किंवा कशात तरी अडकून पडणे.

वाचन बिघडण्याची सर्वांत सामान्य वाट म्हणजे चौथे कार्ड. उत्तर मनासारखे आले नाही की 'स्पष्टीकरणासाठी' आणखी एक कार्ड ओढले जाते, मग आणखी एक, आणि आपल्याला हवे ते चित्र आले की थांबले जाते. टू ऑफ कप्ससारखे एखादे कार्ड केव्हातरी निघणारच आहे. ते केव्हा निघते हे फक्त आपण कितव्या कार्डावर थांबलो यावर अवलंबून आहे. संध्याकाळी हीच मांडणी पुन्हा नव्याने करून पाहणे हाही त्याचाच दुसरा प्रकार. कार्ड समजले नाही तर पुढचे ओढण्यापेक्षा त्याच कार्डाकडे परत जाऊन, चित्रातली कोणती गोष्ट आपण अजून पाहिलेली नाही ते शोधावे.

दुसरी वाट अधिक सूक्ष्म आहे. १९४८ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी आपल्या वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाच्या स्वभावाचे 'खास त्याच्यासाठी' तयार केलेले वर्णन दिले आणि ते किती जुळते याला शून्य ते पाच यांमध्ये गुण द्यायला सांगितले. सरासरी चारपेक्षा जास्त गुण पडले. वर्णन मात्र सर्वांना एकच दिलेले होते. क्रशविषयीच्या वाचनात अशी सर्वांना लागू पडणारी वाक्ये पैशाला पासरी असतात. 'तो आपल्या भावना पटकन दाखवत नाही', 'त्याला तुझ्याशी बोलायला आवडते पण काहीतरी त्याला अडवते आहे' ही वाक्ये जवळपास कोणत्याही दोन माणसांविषयी खरी वाटतील. आपले वाचन या जातीचे आहे का ते तपासण्याची एक रीत आहे. आपल्या मांडणीच्या जागी दुसरी कोणतीही तीन कार्डे ठेवावीत, त्यांचे वाचन तेवढ्याच मनापासून लिहावे आणि दोन्ही कागद, कोणता खरा ते न सांगता, आपल्याला ओळखणाऱ्या मैत्रिणीला द्यावेत. दोन्ही तिला सारखेच पटले, तर पहिल्या वाचनात जे सांगितले गेले त्यात त्या व्यक्तीविषयी विशेष असे काहीच नव्हते.

टॅरोची कार्डे दुसऱ्याचे मन पाहू शकतात याला पुरावा नाही, आणि वर मांडलेली रीत तसे गृहीतही धरत नाही. कार्डे योगायोगाने निघतात. त्यांच्यामुळे एवढेच होते की जी शक्यता आपण स्वतःहून कागदावर लिहिली नसती, ती लिहावी लागते. उदाहरणातल्या तरुणीला सेव्हन ऑफ कप्स आले नसते, तर तिने आपले तीन अर्थ तीन कृतींशी ताडून पाहिले असते असे वाटत नाही. म्हणूनच ज्या प्रश्नाचे उत्तर विचारून मिळते, तो प्रश्न कार्डांना घालण्यात फारसा अर्थ नाही. त्याचे दुसरीकडे लग्न ठरले आहे का, तो दुसऱ्या कोणाला भेटतो का, असे प्रश्न या मांडणीत आणूच नयेत. त्यांची उत्तरे चित्रांत नसतात, आणि त्या व्यक्तीच्या मागे तिच्या खासगी गोष्टींविषयी आपण ठाम समजुती बाळगून बसतो.

वाचन झाल्यावर कागदाच्या तळाशी तीन ओळी लिहाव्यात: एकत्रित वाक्य, ते खरे असल्यास महिन्याभरात दिसायला हवी अशी खूण, आणि ते खोटे असल्यास दिसेल अशी खूण. उदाहरणात खरे ठरण्याची खूण ही की संपर्क आहे तसाच राहील आणि तिने काही न ठरवल्यास जेवणाचा दिवस ठरणार नाही, किंवा ठरलाच तर तो सावकाश आणि साधेपणाने ठरेल. 'किंवा' हा शब्द येथे खटकायला हवा. ज्या भाकितात दोन्ही शक्यता सामावतात ते कधीच खोटे ठरत नाही. म्हणून तिने एकच बाजू निवडावी, समजा 'दिवस ठरणार नाही' ही, आणि दुसरी बाजू खोटेपणाच्या ओळीत टाकावी. महिनाभर कार्डांना हात लावू नये. मुदत संपल्यावर कागद उघडून पाहावे. दहाव्या दिवशीच त्याने शनिवार ठरवून विचारले असेल, तर वाचनातला तिसरा भाग चुकला असे सरळ लिहावे आणि 'नाइट ऑफ पेंटॅकल्स विश्वासू असतो, म्हणजे कार्ड बरोबरच होते' अशी मागाहून जुळवणी करू नये. पहिला भाग, म्हणजे कामातल्या आदराचा, तिला आधीपासूनच ठाऊक होता, त्याचे श्रेय कार्डांना देण्याचे कारण नाही. दुसऱ्या भागाविषयी, म्हणजे त्या रात्रीच्या गप्पांमध्ये त्याच्या मनात नेमके काय होते याविषयी, तिला शनिवारी जेवताना विचारता येईल.